कच्चा माल अडकला आणि डिलिव्हरी चुकली: फोर्स मेजर कलम तुम्हाला कुठपर्यंत वाचवतं?

हाताबाहेरच्या घटनेमुळे करार वेळेत पाळता आला नाही तर सूट देणारं कलम म्हणजे फोर्स मेजर. छोट्या कारखान्याच्या मालकाला हा शब्द बहुतेक वेळा संकट आल्यावरच आठवतो. कंपाऊंड मिळत नाही, पत्रा अडकलाय, गाडी निघत नाही, आणि ग्राहकाचा माणूस रोज फोनवर. मग कोणीतरी सुचवतं, "करारात फोर्स मेजर आहे ना, एक मेल टाका, सुटलात." असा मेल टाकून सुटलेले फार थोडे. हे कलम काम करतं, पण त्याची चाल वेगळी आहे. संकट किती मोठं होतं, हा त्यात दुय्यम प्रश्न असतो. त्या संकटामुळे नेमकी कुठली डिलिव्हरी, किती नगांची आणि किती दिवस अडली, आणि ती सोडवण्यासाठी तुम्ही काय केलंत, हे विचारलं जातं. तेही तुम्हालाच सिद्ध करावं लागतं, कारण सूट मागणारे तुम्ही असता.

इथे एकच प्रसंग धरून जाऊ, कारण छोट्या उत्पादकावर बहुधा तोच ओढवतो: तुमचा कारखाना शाबूत आहे, पण तुम्हाला कच्चा माल देणारा बंद पडला आहे.

समजा तुम्ही पंपासाठी रबरी सील बनवता. एका ग्राहकाला दर महिन्याच्या २५ तारखेपर्यंत २०,००० नग द्यायचे असा करार आहे. उशीर झाला तर दर आठवड्याला ठरावीक टक्के कापून घेण्याची अटही आहे. रोज १,००० नग निघतात. १२ तारखेला या ग्राहकाचे ८,००० नग तयार आहेत, बाकीचे दिवस दुसऱ्या कामात गेले. १२,००० नग व्हायचे आहेत, म्हणजे वेळापत्रकाप्रमाणे २४ तारखेला काम संपतं. सीलसाठी लागणारं तयार रबर-मिश्रण, म्हणजे कंपाऊंड, तुम्ही बाहेरून घेता. आणि १२ तारखेच्या रात्री त्या कंपाऊंडवाल्याच्या मिक्सिंग प्लांटमध्ये पुराचं पाणी शिरतं. तुमच्याकडे फक्त ६,००० नगांपुरतं कंपाऊंड शिल्लक आहे.

पहिली पायरी: मेल लिहिण्याआधी करार काढा

करार म्हणजे फक्त सही केलेलं जाड पुस्तक नव्हे. पर्चेस ऑर्डर, तिच्या मागच्या पानावरच्या बारीक अक्षरातल्या अटी, ड्रॉइंग, गुणवत्तेचा करार, नंतर मेलवर ठरलेले बदल, हे सगळं एकत्र ठेवा. फोर्स मेजर कलम कधी मुख्य करारात असतं आणि पर्चेस ऑर्डरच्या मागे त्याच्या उलट काहीतरी लिहिलेलं असतं. कुठला कागद वरचढ, हेही बहुधा त्यातच कुठेतरी सांगितलेलं असतं.

कलम सापडलं की आधी पाहा, ते कोणासाठी आहे. हा प्रश्न पुष्कळ जण विचारतच नाहीत. २०२० च्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे पोलाद आयात करणारे काही खरेदीदार गेले होते. लॉकडाऊनमुळे आम्हाला करार पाळता येणार नाही, बँकेला पैसे देण्यापासून थांबवा, अशी त्यांची मागणी होती. ती फेटाळताना न्यायालयाने दिलेल्या कारणांपैकी एक अगदी साधं होतं: करारातलं फोर्स मेजर कलम विक्रेत्यापुरतंच होतं, खरेदीदाराला ते लागूच नव्हतं. छोट्या उत्पादकाच्या बाबतीत बऱ्याचदा याचं उलटं चित्र दिसतं. मोठ्या ग्राहकाच्या छापील अटींमध्ये सूट ग्राहकाला असते आणि तुम्हाला नसते.

मग कलमातलं क्रियापद पाहा. "पुरवठा करणं अशक्य झाल्यास" असं लिहिलं असेल तर कसोटी फार कडक आहे. "पुरवठ्यात अडथळा किंवा विलंब झाल्यास" असं असेल तर थोडी मोकळीक आहे. आपल्या प्रसंगात सगळ्यात महत्त्वाचं असतं ते तिसरं: घटना कोणाच्या दारात घडली तर चालते? काही कलमांत "कोणत्याही पक्षाच्या किंवा त्याच्या पुरवठादारांच्या नियंत्रणाबाहेरील घटना" असं स्पष्ट असतं. ते पाच-सहा शब्द असले तर पूर कंपाऊंडवाल्याकडे आला तरी तुमचं पाऊल आत पडतं. नसले तर ग्राहक विचारणार, "पाणी तुमच्या कारखान्यात शिरलं का?"

कलमच नसेल तर

मग उरतो नुसता कायदा, आणि तो फारसा दयाळू नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५६ नुसार करार झाल्यानंतर एखादं काम अशक्य किंवा बेकायदेशीर झालं तर करार निरर्थक होतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये सत्यब्रत घोष खटल्यात सांगितलं की इथे 'अशक्य' म्हणजे अक्षरशः अशक्यच असायला हवं असं नाही. कराराचा पायाच उखडला गेला असेल तरी पुरे. पण एका महिन्याच्या लॉटमध्ये काही हजार नग उशिरा जाणं म्हणजे पाया उखडणं नव्हे. शिवाय या वाटेने करार थांबत नाही, संपतो. चार दिवसांची मुदत मागायला गेलात आणि ग्राहकच हातचा गेला, असं तुम्हाला परवडणार नाही. करारातलं कलम बहुतेक वेळा फक्त मुदत वाढवतं, आणि छोट्या उत्पादकाला तेवढंच हवं असतं.

करारात कलम असेल तर मात्र भारतात आधी त्याच्या शब्दांवरच निर्णय होतो. परदेशी ग्राहक असेल तर कराराला कुठल्या देशाचा कायदा लागू आहे हे पाहून घ्या, कारण या नियमांत देशागणिक फरक आहे.

दुसरी पायरी: माल दुसरीकडे मिळतो का?

बहुतेक दावे इथेच पडतात, म्हणून इथे जरा थांबू.

१९१४ च्या सुरुवातीला ब्लॅकबर्न बॉबिन नावाच्या इंग्लिश कंपनीने फिनलंडचं बर्च लाकूड एका व्यापाऱ्याकडून हल बंदरात पोचतं घेण्याचा करार केला. ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं आणि फिनलंडहून थेट जहाज येणं बंद झालं. व्यापारी म्हणाला, आता मी कुठून आणू? या धंद्यात लाकूड थेट तिकडूनच यायचं, इंग्लंडमध्ये साठा ठेवण्याची पद्धत नव्हती. पण खरेदीदाराला हे माहीत नव्हतं आणि करारातही तसं काही नव्हतं. १९१८ मध्ये न्यायालयाने व्यापाऱ्याला सूट नाकारली. तू माल कुठून आणि कसा आणतोस ही तुझी व्यवस्था. ती कोलमडली तर धोका तुझा.

आता याच्या शेजारी १८७६ चा हॉवेल विरुद्ध कूपलँड हा खटला ठेवा. तिथे शेतकऱ्याने ठरावीक शेतातले ठरावीक टन बटाटे विकायचं कबूल केलं होतं. पिकावर रोग पडला आणि त्या शेतात तेवढं उत्पन्नच आलं नाही. जे निघालं ते त्याने दिलं आणि उरलेल्याबद्दल तो सुटला, कारण करारात शेताचंच नाव होतं.

सीलच्या प्रसंगात सगळी गंमत ड्रॉइंगच्या एका कोपऱ्यात आहे. तिथे "नायट्राइल रबर, ७० शोर" असा रबराचा प्रकार आणि कडकपणा एवढंच लिहिलं असेल, तर तुम्ही बर्चवाले व्यापारी आहात: त्या दर्जाचं कंपाऊंड बाजारात कुठेही मिळत असेल तर आणून द्या. पण तिथे "कंपाऊंड फक्त मंजूर स्रोताकडून" असं लिहून एकाच कंपनीचं नाव असेल आणि तिच्याच प्लांटमध्ये पाणी शिरलं असेल, तर तुम्ही बटाटेवाले शेतकरी आहात. दुसरीकडचं कंपाऊंड वापरणं हाच करारभंग ठरला असता.

म्हणून १३ तारखेच्या सकाळी ड्रॉइंग काढायचं. स्रोताचं नाव असेल तर त्याच दिवशी ग्राहकाला विचारायचं: दुसऱ्या अमुक कंपनीचं कंपाऊंड या लॉटपुरतं मंजूर करता का? चाचणी-अहवाल सोबत जोडायचा. ते हो म्हणाले तर माल जातो. तीन आठवडे लावले तर तो वेळ तुमच्या खात्यात धरणं त्यांना जड जाईल. पण मंजुरी मागितलीच नाही, तर "तुम्ही विचारलं असतं तर दिली असती" हे वाक्य पुढे तुमच्याच विरोधात वापरलं जाईल.

स्रोताचं नाव नसेल तर तीन-चार ठिकाणी लेखी विचारणा करा आणि उत्तरं जपून ठेवा. "माल नाही" असं उत्तर आलं तर तेच जास्त जपा. फोनवर ऐकलेला नकार पुढे कोणाला दाखवता येत नाही.

महाग पडतंय, हे कारण चालत नाही

समजा दुसरा कंपाऊंडवाला आठवडाभरात माल देतो, पण दर एक-तृतीयांशाने जास्त लावतो. या महिन्याचा नफा गेला, कदाचित पदरचेही घालावे लागतील. तरी हे फोर्स मेजर नाही.

१९५६ च्या नोव्हेंबरमध्ये सुएझ कालवा बंद झाला, तेव्हा सुदानचे शेंगदाणे हॅम्बुर्गला पाठवायचं कबूल केलेल्या विक्रेत्याने हात वर केले. आफ्रिकेला वळसा घालून जहाज नेता येत होतं, पण भाडं दुपटीच्या आसपास जात होतं. ब्रिटनच्या सर्वोच्च पातळीवर प्रकरण गेलं आणि विक्रेता हरला: वाट लांबली आणि महागली, बंद झाली नाही. भारतात २०१७ मध्ये एनर्जी वॉचडॉग निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच धागा धरला. इंडोनेशियातल्या कायद्याच्या बदलाने कोळसा महागला म्हणून वीज कंपन्यांनी फोर्स मेजर मागितलं होतं. कोळसा तिथूनच आणायचा असं करारात नव्हतं, आणि दर वाढणं म्हणजे कराराचा पाया जाणं नव्हे, असं न्यायालयाने म्हटलं.

दरवाढीसाठी दाद मागायची तर दर बदलण्याचं कलम लागतं. फोर्स मेजरमध्ये ते शोधू नका.

तिसरी पायरी: किती नग, किती दिवस

आता आपलं उदाहरण सोडवू. ड्रॉइंगमध्ये स्रोताचं नाव नाही असं धरा. १३ ते १८ तारखेपर्यंत शिल्लक कंपाऊंडमधून ६,००० नग निघतात. आधीचे ८,००० धरून १४,००० झाले, आणि ते वेळेत जातात. नवं कंपाऊंड २१ तारखेला येतं. २२ ते २७ या सहा दिवसांत उरलेले ६,००० निघतात. नव्या कंपाऊंडमुळे लागणारी जादा तपासणी आणि पॅकिंग धरून २९ ला पोचतात.

म्हणजे एवढ्या मोठ्या पुराचा तुमच्या करारावरचा परिणाम किती? ६,००० नगांना चार दिवस. कलम लागू झालंच तर सूट तेवढीच मिळते. २०,००० नगांची नाही, पुढच्या महिन्याची तर नाहीच. ग्राहकाला "परिस्थिती सुधारेपर्यंत पुरवठा स्थगित" असं लिहून टाकलंत, तर वेळेत देण्यासारखे १४,००० नगही अडवून ठेवल्याबद्दल करारभंग तुमच्याकडूनच झाला असं ठरू शकतं.

आणि ग्राहकाचा माणूस हुशार असेल तर तो आणखी एक हिशोब मांडेल. २२ तारखेपासून दुसरी पाळी लावली असती तर रोज २,००० नग निघाले असते, २४ ला मोल्डिंग संपलं असतं, आणि माल २६ ला पोचला असता. मग चारऐवजी एकच दिवस उरतो. दुसरी पाळी लावणं तुम्हाला खरोखर शक्य नव्हतं का? माणसं नव्हती, की जादा पगार द्यायचा नव्हता? पहिलं कारण चालू शकतं, दुसरं चालत नाही. नुकसान कमी करण्यासाठी वाजवी प्रयत्न केले का, हे बहुतेक कलमांत लिहिलेलंच असतं. नसलं तरी विचारलं जातं. म्हणून पाळ्यांचा विचार आधीच करा आणि निर्णयाचं कारण एका ओळीत नोंदवून ठेवा.

आणखी एक ग्राहक असेल आणि त्यालाही याच कंपाऊंडचे ३,००० नग द्यायचे असतील तर? शिल्लक ६,००० नगांपुरता माल आहे आणि एकूण बाकी १५,००० ची आहे. बाकीच्या प्रमाणात वाटलं तर पहिल्याला ४,८०० आणि दुसऱ्याला १,२०० येतात. अमेरिकेच्या व्यापारी कायद्यात अशा वेळी ग्राहकांमध्ये न्याय्य वाटप करावं असा नियमच आहे, आणि इंग्लिश न्यायालयांनीही वाजवी वाटप मान्य केलं आहे. जास्त दर देणाऱ्या नव्या ग्राहकाला सगळा माल देऊन जुन्याला पुराचं कारण सांगणं मात्र अंगाशी येतं. डिस्पॅच रजिस्टर मागवलं की ते उघडं पडतं.

चौथी पायरी: नोटीस

करारात "घटनेपासून ७ दिवसांत लेखी कळवावे, अन्यथा या कलमाचा लाभ मिळणार नाही" असं असेल, तर आठव्या दिवशी पाठवलेली नोटीस शोकपत्रासारखी आहे: वाचतील, पण उपयोग नाही. "अन्यथा"चा भाग नसेल तर उशिराने सगळं बुडेलच असं नाही, पण त्यावर वाद घालण्यापेक्षा लवकर कळवणं स्वस्त पडतं. सगळे आकडे हाती येईपर्यंत थांबू नका. जेवढं कळलंय तेवढं कळवा आणि उरलेलं नंतर जोडा. करारात पत्ता आणि पद्धत दिली असेल तर तिथेच आणि तशीच पाठवा. रोज बोलणाऱ्या खरेदी अधिकाऱ्याला व्हॉट्सॲप केलं म्हणजे नोटीस गेली असं समजू नका.

चांगली नोटीस छोटी असते. साधारण अशी:

> विषय: करार कलम १४ अन्वये सूचना, चालू महिन्याचा लॉट
>
> आमच्या कंपाऊंड पुरवठादाराच्या प्लांटमध्ये १२ तारखेच्या रात्री पुराचे पाणी शिरून उत्पादन बंद झाले. त्यांचे पत्र व फोटो सोबत जोडले आहेत.
>
> २०,००० नगांपैकी १४,००० नग २५ तारखेपर्यंत पोचतील. उरलेल्या ६,००० नगांना विलंब होण्याची शक्यता आहे. सध्याचा अंदाज २९ तारीख.
>
> पर्यायी कंपाऊंडसाठी तीन पुरवठादारांकडे विचारणा केली आहे. दर सोमवारी व गुरुवारी स्थिती कळवू.
>
> या ६,००० नगांसाठी कलम १४ नुसार मुदतवाढ मिळावी. करारातील आमचे इतर हक्क अबाधित आहेत.

यात माफी नाही, रडगाणं नाही, आणि "आम्ही जबाबदार नाही" अशी भाषाही नाही. अडलेल्या आणि न अडलेल्या नगांचा आकडा वेगळा दिला आहे, आणि बाजूने बोलायला कागद जोडला आहे. सोमवारचं आणि गुरुवारचं आश्वासन दिलंत तर ते पाळा. दुसऱ्याच आठवड्यात ते थांबलं की पहिल्या पत्राची पत जाते.

पुराव्यासाठी कंपाऊंडवाल्याचं सहीचं पत्र, त्याने तुमची कुठली ऑर्डर थांबवली त्याचा उल्लेख, १२ तारखेचा तुमचा साठा दाखवणारं स्टॉक रजिस्टर आणि रोजचा उत्पादन-अहवाल एवढं लागतं. वर्तमानपत्रातली पुराची बातमी जोडायला हरकत नाही, पण तिने फक्त पूर आला हे ठरतं. तुमचं कंपाऊंड त्या पाण्यात होतं हे तिने ठरत नाही.

कुठे सूट मिळणारच नाही

तुम्ही पुराआधीच मागे होतात, तर पूर तुम्हाला धुऊन काढत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२० मध्ये हॅलिबर्टन विरुद्ध वेदांता प्रकरणात हेच सांगितलं: कंत्राटदार आदल्या वर्षीच्या सप्टेंबरपासून करार मोडत होता, त्यामुळे नंतर आलेल्या महामारीचं कारण त्या जुन्या दिरंगाईला लागू होत नाही. आपल्या उदाहरणात १२ तारखेला ८,००० ऐवजी ३,००० नगच तयार असते, तर ते ५,००० तुमच्या अंगावर.

संकट चालू असताना करार केला असेल तरीही अवघड. बंदरावर संप सुरू झालेला माहीत असताना आयात मालावर तारीख कबूल केलीत, तर तो संप तुम्हाला अनपेक्षित नव्हता. तुमच्याच मशीनची मोडतोड, देखभाल न केल्याने लागलेली आग, पैसे न दिल्यामुळे पुरवठादाराने माल थांबवणं, हे कलमाच्या बाहेरच राहतं.

पुढे काय होतं

मुदतवाढ मान्य झाली तरी ग्राहक हातावर हात ठेवून बसत नाही. मधल्या काळात तो दुसरीकडून सील घेऊ शकतो का आणि तेवढे नग तुमच्या ऑर्डरमधून कमी करू शकतो का, हे करारात पाहा. फोर्स मेजर ६० किंवा ९० दिवसांपुढे लांबलं तर करार संपवण्याचा हक्क अनेक करारांत दोघांनाही असतो. करार संपला किंवा निरर्थक ठरला आणि तुमच्याकडे ॲडव्हान्स पडून असेल, तर भारतीय कायद्याच्या कलम ६५ नुसार न दिलेल्या मालाचा ॲडव्हान्स परत करावा लागतो. तो खर्च होऊन गेलाय हे उत्तर चालत नाही.

ग्राहकाने नकार दिला आणि उशिराची कपात लावली, तर लगेच वकिलाकडे धावण्याआधी कपात कशावर लावली आहे ते तपासा. ६,००० नगांऐवजी २०,००० नगांच्या किमतीवर टक्का लावलेला असतो, आणि लेखा विभागाकडून ते सहजपणे झालेलं असतं. कराराप्रमाणे हिशोब करून पत्र लिहिलं तर माझ्या मते पुष्कळदा एवढ्यावरच मिटतं. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारातला आकडा ही कमाल मर्यादा असते. त्याच्या आत वाजवी भरपाईच मागता येते.

आणि करार नूतनीकरणाला आला की वकिलाला तीन गोष्टी घालायला सांगा: कलम दोन्ही बाजूंना लागू असेल, "पुरवठादारांच्या नियंत्रणाबाहेरील घटना" हे शब्द त्यात असतील, आणि ड्रॉइंगवर स्रोताचं नाव असेल तर दुसऱ्या मंजूर स्रोताचंही नाव असेल. पहिल्या दोन गोष्टींवर मोठा ग्राहक कुरकुर करेल. तिसरी त्याला स्वतःलाच सोयीची आहे, म्हणून बोलणी तिथून सुरू करा.